नॉबवर १८०, आत २२२: नव्या ओव्हनसाठी सेवा केंद्राला लिहिलेलं पत्र

१४ जूनला, शनिवारी, आम्ही दादरच्या एका दुकानातून ४० लिटरचा ओटीजी घरी आणला. बिल ११,४९९ रुपयांचं, वॉरंटी एक वर्षाची. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा वाढदिवस होता आणि या वर्षी केक बाहेरून आणायचा नाही, असं मी महिनाभर आधीच ठरवलं होतं.

साधा व्हॅनिला केक. माझ्या जुन्या छोट्या ओव्हनमध्ये तो १८० अंशांवर पस्तीस मिनिटांत व्हायचा. इथे वीस मिनिटांतच वास बदलला. काचेतून पाहिलं तर वरचा थर गडद तपकिरी, मधोमध डोंगरासारखा फुगवटा, आणि त्या फुगवट्याला आडवी भेग. सुरी घातली तर ओलं पीठ लागून आलं. आच फार असली की केकचा वरचा थर आधीच घट्ट होतो, आतलं पीठ मागून फुगतं आणि वाट मिळेल तिथून फुटून वर येतं. हे आता मला नीट कळतं. त्या दिवशी मात्र मी टिन लहान पडला असं म्हटलं, वरचा भाग कापून टाकला आणि उरलेल्याला क्रीम लावलं. आई काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

२१ जूनला नानकटाई केली. १६० वर अठरा मिनिटं लागायला हवीत. अकराव्या मिनिटाला तळ काळे. त्याआधीच्या आठवड्यात ट्रे खालच्या कप्प्यावर ठेवून पाहिला, तूप बदललं, टिनखाली दुसरा टिन ठेवला. नवीन वस्तू चुकीची असेल असं मनात येतच नाही, आपलाच हात चुकला असं वाटतं. माझ्या बाबतीत याची किंमत पडली. २३ जूनला सोमवारी दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "ताई, बदलून देण्याची मुदत सात दिवसांची होती. आज नववा दिवस. आता कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा." नवा ओव्हन घेतला असेल तर पहिल्या सात दिवसांतच त्याचं तापमान मोजून घ्या. कसं मोजायचं ते पुढे लिहिलं आहे.

त्याच दिवशी टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली. मॉडेल आणि सिरियल नंबर विचारतात. सिरियल नंबर ओव्हनच्या मागच्या पत्र्यावरच्या स्टिकरवर असतो, म्हणून फोन करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, नाहीतर एवढा ओव्हन फोनवर असताना भिंतीपासून ओढावा लागतो. तक्रार क्रमांक एसएमएसने आला. "४८ तासांत माणूस येईल" असं सांगितलं. तो आला २७ तारखेला, शुक्रवारी, भर पावसात.

मुलगा तरुण होता, बोलायला चांगला होता. त्याने ओव्हन १८० वर लावला, आठ मिनिटं थांबला, दार उघडलं आणि पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या तापमापकाचा लाल ठिपका आतल्या चकचकीत भिंतीवर धरला. आकडा आला १६८. "मॅडम, उलट बारा अंश कमीच आहे. तुमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होत असेल." मी म्हटलं, "दादा, कमी आहे तर मग जळतंय का?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने विचारलं, "ऑर्डरी घेता का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच आहे. पण प्रश्न कशासाठी हे नंतर वॉरंटी कार्ड वाचल्यावर कळलं: घरगुती ओव्हन धंद्यासाठी वापरला तर वॉरंटी लागू होत नाही.

जाताना त्याने माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. मी दिला. तासाभराने एसएमएस आला: ग्राहकाचं समाधान झालं, तक्रार बंद. ओटीपी म्हणजे आपली सही असते हे मला ठाऊक नव्हतं. काम आपल्या डोळ्यांसमोर तपासून होईपर्यंत तो देऊ नका.

संध्याकाळी मी शेजारच्या काकांकडे गेले. काका बेस्टच्या वीज विभागातून निवृत्त झालेत आणि विजेच्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांच्याशी बोलताना वेळ कसा जातो कळत नाही. त्यांनी आधी दोन गोष्टी समजावून सांगितल्या आणि माझं सगळं पत्र नंतर त्या दोन गोष्टींवर उभं राहिलं.

पहिली, त्या पिस्तुलाची. ते हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागातून निघणारी उष्णता वाचते. काळा, खरबरीत पृष्ठभाग आपल्या तापमानानुसार भरपूर उष्णता बाहेर टाकतो. चकचकीत पत्रा फारच कमी टाकतो आणि आरशासारखी समोरची उष्णता परत फेकतो. म्हणून चकचकीत भिंतीवर धरलेलं पिस्तूल बऱ्याचदा खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवतं. त्यात दार उघडं, म्हणजे गरम हवा आधीच स्वयंपाकघरात आलेली.

दुसरी, व्होल्टेजची. काका म्हणाले, "व्होल्टेज कमी असलं तर ओव्हन उशिरा तापेल, जास्त असलं तर लवकर तापेल. पण कुठल्या अंशाला बंद व्हायचं हे थर्मोस्टॅट ठरवतो आणि तो व्होल्टेजवर नाही, उष्णतेवर चालतो." त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. या आकाराच्या ओव्हनमध्ये बहुधा पेन्सिलीहून बारीक अशी धातूची एक बंद कांडी भिंतीला क्लिपने धरलेली असते. तिला ते बल्ब म्हणतात, पण तिचा उजेडाशी संबंध नाही. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि तिथून केसासारखी बारीक नळी नॉबमागच्या स्विचपर्यंत जाते. तापला की द्रव फुगतो, नळीतून दाब जातो आणि स्विचचा संपर्क सुटतो. गार झाला की पुन्हा जोडला जातो. नॉब फिरवतो तेव्हा आपण किती दाबाला सुटायचं एवढंच ठरवत असतो. म्हणजे ओव्हनला जे काही तापमान कळतं ते त्या एका कांडीला कळतं. कांडी जर गरम हवेपासून लांब असेल तर तिला वाटणार अजून तापलेलं नाही, आणि रॉड चालूच राहणार.

"पण हे सांगून कुणी ऐकणार नाही," काका म्हणाले. "मोजून लिही."

शनिवारी २८ जूनला क्रॉफर्ड मार्केटला गेले. बेकिंगचं सामान मिळतं तिथे ओव्हनमध्ये ठेवायचा गोल काट्याचा थर्मामीटर ४५० रुपयांना मिळाला. त्याच्यावर एकट्यावर विसंबायचं नाही असं काकांचं म्हणणं. त्यांच्याकडे लोहार चाळीतून घेतलेला मल्टिमीटर आहे, त्याला तापमान मोजायची बारीक तार लागते. ती तार आधी उकळत्या पाण्यात धरली. मुंबई समुद्राच्या पातळीला असल्यामुळे पाणी इथे १०० अंशांनाच उकळतं, त्यामुळे तपासणी सोपी होते (पुण्यात ९८ च्या आसपास उकळेल, तेवढं धरून चाला). तारेने ९९ दाखवले. मग तार आणि थर्मामीटर ओव्हनमध्ये शेजारी-शेजारी ठेवले, तर दोघांच्या सरासरीत तीन अंशांहून जास्त फरक पडला नाही. म्हणजे मोजमाप विश्वासाचं होतं.

मोजायची पद्धत थोडी सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. ओव्हन रिकामा हवा, आत ट्रे नको, फक्त जाळी, तीही मधल्या खाचेत. थर्मामीटर जाळीच्या बरोबर मध्ये, काचेकडे तोंड करून. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. मग दार लावायचं आणि पुन्हा उघडायचं नाही, आकडा काचेतूनच वाचायचा. एकदा दार उघडलं की तापमान झटकन खाली येतं आणि तुमचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा दिवा विझला म्हणून लगेच आकडा लिहू नका. दिवा विझला म्हणजे थर्मोस्टॅटने वीज तोडली, पण लालभडक रॉड गार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या खेपेला तापमान पुढे बरंच चढतं. कुठलाही ओव्हन एका आकड्यावर स्थिर नसतो. तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दिवा निदान तीन वेळा विझून पुन्हा लागू द्यायचा आणि मग अर्धा तास दर दोन मिनिटांनी नोंद करायची. त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा घेऊन मधला काढला की ओव्हनचं खरं तापमान मिळतं. दहा-पंधरा अंशांचा फरक घरगुती ओव्हनमध्ये कुणी दोष मानत नाही, मीही मानला नसता.

मी स्टुलावर बसून वहीत लिहीत गेले. नॉब १८० वर होता. २०८, २१९, २३१, २३६, २२७... पहिल्यांदा २३६ वाचलं तेव्हा खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दोन आठवडे मी स्वतःच्या हाताला दोष देत होते. खालचा आकडा २०८, वरचा २३६, मधला २२२. नॉबपेक्षा ४२ अंश जास्त.

मग १५० वर: १७२ ते १९६, मधला १८४. म्हणजे ३४ जास्त. आणि १२० वर: १३८ ते १६०, मधला १४९. २९ जास्त. काकांनी ही तीन उत्तरं बघून म्हटलं, "नुसता नॉब दांड्यावर चुकीचा बसला असता तर फरक सगळीकडे साधारण सारखा असता. हा तापमानाबरोबर वाढतोय. आत काहीतरी आहे." २२० वर मी मोजलं नाही. जो ओव्हन ४० अंशांनी पुढे पळतोय तो तिथपर्यंत न्यायची मला भीती वाटली, आणि तीन आकडे पुरेसे होते.

रविवारी साखरेची परीक्षा केली. साखर साधारण १८६ अंशांना वितळते असं धरलं जातं. ओव्हन १७५ वर चांगला तापवून, छोट्या स्टीलच्या वाटीत दोन चमचे साखर जाळीच्या मध्ये ठेवली. ओव्हन बरोबर असता तर पंधरा मिनिटांनी साखर पांढरीच राहायला हवी होती. नवव्या मिनिटाला कडा पिवळ्या पडल्या, पंधराव्या मिनिटाला वाटीत मधाच्या रंगाचा पाक होता. वाटी काढताना जाड कापड घ्या, वितळलेली साखर कातडीला चिकटते. आणि वेळ पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नका, कारण फार वेळ ठेवली तर साखर १८६ च्या खालीही हळूहळू पिवळी पडून बिघडते आणि परीक्षेला अर्थ राहत नाही. या परीक्षेने आकडा मिळत नाही. पण थर्मामीटर न मानणाऱ्या माणसालाही पाक दिसतो, म्हणून मी वाटीचा फोटो काढला, शेजारी नॉब दिसेल असा.

सोमवारी पत्र लिहायला बसले. पहिला मसुदा रागाचा होता. त्यात सासूबाईंचा केक होता, पाऊस होता, "तुमच्यासारख्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती" होतं. यजमानांना त्यात ग्राहक मंचाचं नावही हवं होतं. काकांनी वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, "हे वाचून तिथला माणूस करणार काय? कुठला भाग घेऊन येणार?" त्यावर मी तो फाडला. दुसरा मसुदा हा:

"प्रति, व्यवस्थापक, सेवा केंद्र, मुंबई.

विषय: नवीन ओटीजीचे प्रत्यक्ष तापमान नॉबवरील आकड्यापेक्षा सुमारे ४० अंश सेल्सियसने जास्त असल्याबाबत.

महोदय, मी १४ जून २०२५ रोजी आपला ४० लिटरचा ओटीजी खरेदी केला. मॉडेल, सिरियल नंबर आणि बिल क्रमांक खाली दिले आहेत. २३ जून रोजी तक्रार नोंदवली. २७ जून रोजी आपले तंत्रज्ञ आले आणि ओव्हन ठीक असल्याचे सांगून तक्रार बंद झाली. दोष तसाच आहे.

मी ओव्हन रिकामा, जाळी मधल्या खाचेत, दोन्ही रॉड चालू आणि दार बंद ठेवून तापमान मोजले. दिवा तीन वेळा बंद-चालू झाल्यानंतर अर्धा तास दर दोन मिनिटांनी नोंद घेतली. नॉब १२० वर असताना सरासरी १४९, १५० वर असताना १८४ आणि १८० वर असताना २२२ अंश आढळले. वेगळ्या उपकरणाने केलेली मोजणी याच्याशी जुळते. ओव्हन १६ अँपिअरच्या सॉकेटवर आहे आणि मोजणीच्या वेळी व्होल्टेज २३१ ते २३५ होते. १७५ वर ठेवलेली साखर पंधरा मिनिटांत वितळली, फोटो जोडला आहे.

पहिल्या भेटीत दार उघडून आतल्या चकचकीत भिंतीचे तापमान दुरून मोजले गेले. ते आतल्या हवेचे तापमान नाही. कृपया पुढच्या भेटीत जाळीच्या मध्ये ठेवण्याचा मापक आणावा.

माझी विनंती: थर्मोस्टॅट आणि त्याच्या बल्बची जागा तपासावी, दोष आढळल्यास भाग वॉरंटीत बदलावा आणि नंतर १५० व १८० वर मोजलेले आकडे जॉब शीटवर लिहून द्यावेत. ओव्हनचा वापर केवळ घरगुती आहे. हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत भेटीची तारीख कळवावी.

सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, नोंदींची प्रत, दोन फोटो."

एका पानात बसवलं. पान उलटावं लागलं की मागचं कुणी वाचत नाही. "जास्त तापतो" असं कुठेच लिहिलं नाही, कारण ओव्हन तापणारच, त्यावर "हो मॅडम, तापतोच" एवढंच उत्तर येतं. १६ अँपिअरचा सॉकेट आणि व्होल्टेज मुद्दाम लिहिलं, म्हणजे ती दोन कारणं पुन्हा सांगता येऊ नयेत. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला होता, पत्रात नाही. दहा दिवसांत काही झालं नसतं तर पुढची पायरी ती होती.

भाचीने इंग्रजी प्रत करून दिली, ती कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवली आणि विषयाच्या ओळीत जुना तक्रार क्रमांक टाकला. मराठी पत्र १ जुलैला दादरच्या पोस्टातून स्पीड पोस्टने गेलं. पोस्ट आणि झेरॉक्स मिळून शंभर रुपयांच्या आत काम झालं. पावतीवरच्या क्रमांकाने शोधलं तर दुसऱ्याच दिवशी पत्र पोहोचलं होतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मग शांतता. ईमेलला यांत्रिक पोहोच आली, बाकी काही नाही. मी रोज सकाळी फोन बघायची. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलैला, सेवा केंद्रातून एका बाईंचा फोन आला. त्यांच्यासमोर माझं पत्र होतं, कारण त्यांनी विचारलं, "१२० वर १४९ आहे ना? म्हणजे खालीही फरक आहे." तेवढं ऐकून मला बरं वाटलं. नवा तक्रार क्रमांक मिळाला, तारीख ११ जुलै ठरली आणि त्यांनी वरिष्ठ तंत्रज्ञ पाठवते असं सांगितलं.

आलेले गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांनी आल्या आल्या तारेचा मापक काढला, जाळीच्या मध्ये ठेवला आणि पंख्याखाली बसून चहा घेतला. पाऊण तास ते थांबले. त्यांचा आकडा २१९ आला. मी त्यांना विचारलं, पिस्तूल आहे का? होतं. मी विनंती केली म्हणून त्यांनी ओव्हनसोबत आलेला काळा ट्रे आत ठेवला, तापू दिला आणि दार किंचित उघडून ठिपका आधी ट्रेवर, मग भिंतीवर धरला. ट्रेवर २०६, शेजारच्या चकचकीत भिंतीवर १५३. एकाच ओव्हनमध्ये, एकाच मिनिटात. ते म्हणाले, "आमच्या नव्या पोरांना हे सांगायला पाहिजे."

ओव्हन गार झाल्यावर प्लग काढला आणि बाजूचा पत्रा खोलला. मी टॉर्च धरला होता. आतल्या भिंतीवर दोन क्लिपा होत्या. पुढच्या क्लिपमध्ये कांडी होती, मागची क्लिप रिकामी, उघड्या चिमट्यासारखी. कांडीचं मागचं टोक भिंतीच्या भोकातून बाहेर सरकून दोन पत्र्यांमधल्या पोकळीत आलं होतं. तिथे ओव्हनची गरम हवा नसते. अर्धी कांडी आत भाजत होती, अर्धी बाहेर गारव्यात, आणि सगळा हिशेब त्या दोन्हींचा मिळून होत होता. शिवाय भोकाच्या कडेला बारीक नळीला चिमटा बसला होता, नखाने जाणवेल एवढा. त्यांनी कांडी ढकलून जागी बसवली, क्लिप दाबली, पत्रा लावून पुन्हा मोजलं. १८० वर १९० ते २१४, मधला २०२. म्हणजे अर्धा फरक गेला, अर्धा राहिला. "नळी दबली की द्रव नीट सरकत नाही. ही सरळ करून उपयोग नाही, थर्मोस्टॅटच बदलतो." भाग वॉरंटीत, पैसे नाहीत, सात ते दहा दिवस लागतील.

जाताना त्यांनीही ओटीपी मागितला. मी म्हटलं, "काका, भाग बसल्यावर देईन." त्यांनी काही वाद घातला नाही. तक्रार चालू ठेवून शीटवर 'भाग प्रलंबित' लिहिलं आणि मी त्याखाली त्या दिवसाचे दोन्ही आकडे लिहून सही केली.

१८ जुलैला मीच फोन केला, भाग आला नव्हता. २२ जुलैला दुपारी तो बसला. नवी कांडी दोन्ही क्लिपांत पूर्ण आत आहे हे त्यांनी पत्रा लावण्याआधी मला दाखवलं, मी फोटो काढला. मग पुन्हा तासभर मोजणं. १५० वर मधला १५३. १८० वर १७१ ते १९३, मधला १८२. हे चारही आकडे जॉब शीटवर आले, शिक्का आला, भागाचा क्रमांक आला. बदललेल्या भागाची वेगळी वॉरंटी मिळाली नाही, ओव्हनची आहे तीच, पुढच्या १३ जूनपर्यंत. त्यानंतर ओटीपी दिला.

संध्याकाळी साखर पुन्हा ठेवली. १७५ वर पंधरा मिनिटांनी दाणा न् दाणा सुटा, पांढरा. १९५ वर वितळली.

शीट, पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि वहीतली पानं एका फाइलमध्ये आहेत. थर्मामीटर आता ओव्हनमध्येच असतो. २४ जुलैला नानकटाईचा घाणा टाकला, १६० वर अठरा मिनिटं. ट्रे काढला तेव्हा आई ओट्याशीच उभ्या होत्या. त्यांनी एक नानकटाई उलटी करून तळ पाहिला. फिकट सोनेरी होता. त्यांनी ती गरमच तोंडात टाकली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.